छान लिहिलेला ईमेल

मला राग पटकन येतो. घरी सगळे म्हणतात, हिच्या नाकावर राग आहे. असू दे. पण त्या ईमेलचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कापड रंगवण्याची मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या सुरत शाखेत मी तक्रारी घ्यायला बसायचे. आम्ही तिथल्याच उधन्याला राहायचो, वडील पॉवरलूमवर कामाला होते, आणि मी मराठी शाळेत शिकून कशीबशी बी. कॉम. झालेली. ऑफिसात ईमेल नवाच होता. एकच कॉम्प्युटर, टेलिफोनच्या तारेला जोडलेला. मेल जात असला की फोन बंद, आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्या पडद्याकडे बघत उभे.

पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये आमचं नवं मशीन बसलं होतं. मोठी बंद टाकी, आत उकळतं रंगाचं पाणी, त्यात दाबाखाली कापड फिरतं. दाब उतरला की हिरवा दिवा लागतो, कुलूप सुटतं आणि मग कारागीर झाकण उघडतो. दाब दाखवणारं घड्याळ आणि कुलूप सोडणारा स्विच, दोन्ही एकाच बारीक नळीवर बसवलेले. त्या नळीत कापडाचा गाळ अडकला की दोघंही खोटं बोलायची. आत दाब, बाहेर हिरवा दिवा! झाकण सैल केलं की गरम पाण्याची चिळकांडी अंगावर.

तिथला कारागीर जवळच्या बमरोलीत राहणारा, मूळचा धुळ्याकडचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. दोनदा उडी मारून वाचला होता. फोन तोच करायचा, मिलच्या ऑफिसातून, कारण मला त्याची अहिराणी समजायची. आमचा इंजिनियर जायचा, नळी साफ करायचा, तक्रार मिटली म्हणून सही घेऊन यायचा. काही दिवसांत नळी पुन्हा तुंबायची. खरं तर त्या नळीची रचनाच बदलायला हवी होती, पण तसं मान्य केलं तर विकलेल्या प्रत्येक मशीनची बदलावी लागली असती. म्हणून मुंबईचे सर्व्हिसवाले मूग गिळून गप्प.

मी मिलच्या शेठला म्हटलं, तुम्हीच बंद ठेवा ना ते मशीन. तो म्हणाला, "लखीने आपो, हुं बंध करी दउं." कंपनीने धोका आहे असं लेखी दिलं तर तो थांबवणार. नाहीतर थांबलेल्या कामाची भरपाई मागायची कुणाकडे? त्याचंही चुकत नव्हतं. पण असं लेखी देण्याचा अधिकार शाखेला नव्हता. तो मुंबईच्या मोठ्या साहेबांचा.

म्हणून मी मोठ्या साहेबांना थेट ईमेल लिहायला बसले. इंग्रजीत. सगळी आग ओतली त्यात. माणूस मेल्यावर जागे होणार का, असं लिहिलं. सर्व्हिसवाल्यांना निर्लज्ज म्हटलं. काळाचा तर पार गोंधळ उडवला, झालं होतं, होतंय आणि होईल यांची मोट एकाच वाक्यात बांधली.

आमचे शाखेचे साहेब निवृत्तीला टेकलेले, स्वभावाने गरीब. इंग्रजी मात्र सुरेख. त्यांनी छापील प्रत घेतली, लाल पेन काढलं.

"हे निर्लज्ज वगैरे काढू या. वाचणारा चिडला की मूळ मुद्दा बाजूला राहतो."

"चिडू दे की!"

"आणि मला सांग, तुला त्यांच्याकडून हवंय काय? दोन पानांत कुठेच लिहिलेलं नाही."

मी दोन्ही पानं पुन्हा चाळली. खरंच लिहिलं नव्हतं.

मग त्यांनी नीट बसवलं. आधी काय घडलं ते क्रमाने, सगळं भूतकाळात. अजून चालू आहे ते वर्तमानात. मागणी शेवटी, स्वतंत्र ओळीत: रचना बदलेपर्यंत मशीन बंद ठेवावं असं आपण गिऱ्हाइकाला लेखी कळवावं. हे सगळं बरोबरच केलं त्यांनी. फक्त "माणूस मरेल" याचं त्यांनी "कामगारास इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही" असं केलं. मी भांडले. ते म्हणाले, "अर्थ तोच आहे गं." डोंबलाचा तोच! पण मेल माझ्या नावाने तसाच गेला.

उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार, विषय संबंधित विभागाकडे पाठवला आहे. संबंधित विभाग म्हणजे तेच सर्व्हिसवाले. मी फोन केले. साहेब मीटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर, साहेब जेवायला. माझं डोकं फिरायची वेळ आली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. हिरवा दिवा लागला, कारागिराने झाकण सैल केलं, या वेळी त्याला उडी मारता आली नाही. उजवा हात कोपरापर्यंत, खांदा आणि मान. जीव वाचला.

पुढच्याच आठवड्यात मुंबईहून सगळ्या शाखांना एक मेल आला. शाखेच्या साहेबांनी मला बोलावलं, कागद हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. वरिष्ठांना तक्रार कशी लिहावी याचा नमुना म्हणून माझा मेल पाठवला होता. मिलचं नाव गाळलेलं. मोठ्या साहेबांनी वर लिहिलं होतं की मोजके शब्द, संयमी भाषा आणि स्पष्ट मागणी, सर्वांनी अनुकरण करावं.

"स्पष्ट मागणी!" मी ओरडलेच. "मग केली का पूर्ण?"

साहेबांनी मान हलवली, नाही म्हणून.

संध्याकाळी मी बमरोलीला गेले. तो खाटेवर टेकून बसला होता, हात पट्ट्यांनी गुंडाळलेला. बायको शेजारी पंख्याने वारा घालत होती.

"ताई, तुम्ही सायबाले सांगेल व्हतं ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मंग काय म्हने तो?"

काय सांगू? शरमेने मेल्यासारखं झालं मला. "म्हणाले, छान लिहिलंय," मी सांगून टाकलं.

त्याने डाव्या हाताने पट्टी सारखी केली. बायकोच म्हणाली, "त्या मशीनवर आता माझ्या भावाला उभं केलंय. नळी साफ केली म्हणतात."

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ऑफिसात जाऊन कंपनीचं छापील लेटरहेड काढलं आणि टाइप केलं: हे मशीन धोकादायक आहे. बंद ठेवा. खाली सही केली. कुणाला दाखवलं नाही, सुधारून घेतलं नाही. रिक्षा करून थेट पांडेसरा.

शेठने कागद उलटसुलट करून पाहिला. "आ सही कोनी?"

"माझी."

"तमने अधिकार छे?"

"कंपनीचं लेटरहेड आहे ना? बंद करा."

त्याने खाली माणूस पाठवला. मशीन थांबलेलं मी स्वतः जाऊन पाहिलं. कारागिराचा मेहुणा हात पुसत बाजूला झाला, पोरगेलासाच होता.

मी ऑफिसात परतेपर्यंत शेठने मुंबईला भरपाईचा फॅक्स ठोकून दिला होता. फोन वाजत होता. मोठे साहेब स्वतः होते, मीटिंगही नव्हती आणि दौराही नव्हता.

"कुणाला विचारून लिहिलंत हे?" ते किंचाळत होते. "ही काय भाषा झाली?"

"तुम्हाला विचारलं होतं," मी म्हटलं. "छान लिहून."

नोकरी गेली, ती जाणारच होती. पण मशीन सुरक्षित आहे असं लेखी द्यायला मुंबईत कुणी धजलं नाही, आणि रचना बदलेपर्यंत ते पुन्हा चालू झालं नाही.