‘गाडी चुकल्यास काय करावे’ आणि खाली कोरा कागद

माझा फोन बटणांचा आहे. त्यावर बोलता येतं, आणि मला तेवढंच करायचं असतं. वाचायचं ते कागदावर. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, तेव्हा कागदावर काय लिहिलंय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही, असं मी पूर्णा स्टेशनपर्यंत समजत होते.

झालं असं, की हिंगोलीच्या माझ्या धाकट्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ज्या दवाखान्यात ते व्हायचं तिथं डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात. भीतीपोटी तिनं दोन महिने घालवले होते. या खेपेला फोनवर म्हणाली, "ताई, तू आल्याबिगर म्या आत जायची न्हाई." दुपारी तिचा नंबर होता. म्हणजे मी वेळेत पोचले नाही तर आणखी एक महिना, आणि उजव्या डोळ्यानं तिला आता ताटातली भाकरीसुद्धा धड दिसत नव्हती.

नात परभणीला कॉलेजात असते. तिनं मोबाइलमधल्या एआयला विचारून माझ्या प्रवासाचा सगळा बेत मागवला: आमच्या झरी गावाहून एसटीनं परभणी, रेल्वेनं पूर्णा, तिथं गाडी बदलून हिंगोली. ते पान तिनं गावातल्या झेरॉक्सवाल्याला पाठवलं. तो म्हणाला, "कलर काढू का काळी?" मी ऐटीत सांगितलं, काळीच काढ, अक्षरं तर तीच असतात.

पूर्ण्याला बाकावर बसून कागद उघडला. वर ठसठशीत लिहिलं होतं: ‘हिरव्या रंगातल्या गाड्या रोज धावतात. लाल रंगातल्या गाड्या फक्त ठरावीक वारी. निघण्यापूर्वी आजची स्थिती इथे पाहा.’ त्यातल्या ‘इथे’खाली एक रेघ. खाली हिंगोलीकडच्या तीन गाड्या, तिन्ही एकाच काळ्या शाईत. मी त्यातली दुसरी निवडली, कारण ती फास्ट होती. पहिली समोरच उभी होती, पॅसेंजर. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई त्यात चढता चढता म्हणाली, "आजी, हिंगोलीला जायचं म्हणत होता ना? चला की." मी तिला कागद दाखवला आणि माझी फास्ट गाडी मागून येते म्हणून सांगितलं. ती गेली. पॅसेंजरही गेली.

फास्ट आली नाही. तासाभरानं चौकशीच्या खिडकीत विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, ती गाडी आज नसतेच, वारावर असते. लाल होती ती. आणि जिला मी हात हलवून निरोप दिला ती हिरवी. तिसरी थेट संध्याकाळी.

मी कागद उलटला. मागं एक मथळा होता: ‘गाडी चुकल्यास काय करावे’. त्याच्या अलीकडं बारीक त्रिकोण. खाली काही नाही. मग ‘पूर्ण्याहून बसने जायचे असल्यास’, पुन्हा त्रिकोण, पुन्हा काही नाही. मग ‘परतीचा प्रवास’. तिथंही तेच. माझं डोकंच फिरलं. गाडी चुकलेल्या म्हातारीला ‘गाडी चुकल्यास काय करावे’ एवढंच सांगून गप्प बसायचं, ही कुठली रीत? शाळेत एखाद्या पोरानं ‘उत्तर पुढीलप्रमाणे’ लिहून पान कोरं सोडलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. एवढं बोलून मी काय केलं, तर इकडंतिकडं पाहून हळूच त्या त्रिकोणावर अंगठा दाबला. तेवढ्यात खिडकीतल्या माणसानं पाहिलं. हसला नाही बिचारा. म्हणाला, "आजी, हे फोनवर दाबलं की उघडतंय. छापताना बंदच राहिलं. आता कागद किती बी दाबला तरी न्हाई उघडायचा."

त्याक्षणी मला शाळेतली एक तिशीतली बाई आठवली, म्हणजे मीच. कडक इस्त्रीची साडी, हातात छडी, आणि आपल्याला सगळं कळतं असा चेहरा. त्या बाईंनी भूगोलाची प्रश्नपत्रिका काढली होती. स्वतःच्या प्रतीवर नकाशा रंगीत पेन्सिलींनी रंगवला आणि प्रश्न लिहिला, ‘निळ्या रेघेने दाखवलेली नदी कोणती? लाल रेघेने दाखवलेला लोहमार्ग कोणता?’ प्रती काढायच्या सायक्लोस्टाइल यंत्रातून पोरांच्या हाती पडलं ते सगळं एकाच काळ्या शाईत. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, समद्या रेघा काळ्याच हायत." बाईंनी तिला डोकं चालवायला सांगितलं आणि वर्गाला त्या दोन्ही प्रश्नांत शून्य दिलं. वर मुख्याध्यापकांकडं तक्रार, की वर्ग ढ आहे. त्यांनी ती प्रश्नपत्रिका माझ्यापुढं धरून शांतपणे विचारलं, "बाई, यातली निळी कोणती?" मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. आणि गुण? ते मी कधीच परत दिले नाहीत.

असो. तिथूनच नातीला फोन लावून झाडली. तिनं ते पान उघडून त्रिकोणाखालचं सगळं वाचून दाखवलं: रिक्षा करून एसटी स्टँड गाठ, वसमतमार्गे हिंगोलीची बस मिळते, थेट नसली तर वसमतला बदल. म्हणजे उत्तर होतं. चांगलं होतं. फक्त ज्या कागदावर ते हवं होतं तिथं नव्हतं.

दवाखान्यात पोचले तेव्हा बहीण हिरवा डगला घालून बाहेर बसली होती. तिचं नाव दोनदा पुकारून झालं होतं. तिनं नर्सला सांगितलं होतं, ताई रेल्वेत बसलीय. वैतागून नर्सनं तिला सगळ्यात शेवटी टाकलं होतं, आणि आत तिच्या आधीचा पेशंट चालू होता. मी तिचा हात धरला. ती आत गेली.

संध्याकाळी नातीला म्हटलं, परतीचं विचार, पण आधी त्याला सांग की हे काळ्या शाईत कागदावर छापायचंय आणि कागद दाबता येत नसतो. या वेळी एकेका गाडीपुढं ‘रोज’ किंवा वार अक्षरांत आला, त्रिकोणाखाली दडलेलं काही उरलं नाही, आणि ‘इथे पाहा’च्या जागी ‘स्टेशनवर चौकशी खिडकीत विचारा’ असं आलं. मग पहिल्यांदाच का नाही? नात म्हणते, तू कागदावर वाचणार हे त्याला कुणी सांगितलं होतं? खरंय, तिनं नाही सांगितलं, मी नाही सांगितलं. तरी विचारायला काय झालं होतं त्याला, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी बहिणीची पट्टी निघाली. ती डोळा मिचकावत बसली होती. माझ्या पिशवीत तो पहिला कागद होताच. मी तो तिच्यापुढं धरला आणि म्हटलं, यातली हिरवी ओळ दाखव बघू.

तिनं कागद जवळ घेतला, लांब धरला. चेहरा उतरला. "ताई, मला समदं काळंच दिसायलंय. बिघडला का गं डोळा?"

तिच्या डोळ्यात पाणी येऊ नये म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं, आणि मी हे करून बसले. घाईघाईनं तिला तिच्या लुगड्याचा काठ दाखवला. तिनं हिरवा म्हणून ओळखला. मग पिशवी लाल म्हणून ओळखली. मग माझ्याकडं पाहून मला जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"काळंच हाय ते," मी म्हटलं. "तुझं बरोबर हाय." तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीला तेव्हा हेच सांगायला हवं होतं.