विरुद्ध पार्टीची सही

वडील गेल्यावर शेताच्या सातबाऱ्यावर आईचं आणि माझं नाव वारस म्हणून चढायचं होतं. आईला त्याची फार घाई. "चाळीस वरसं चिखलात कंबर मोडली रे, तिथं माझं नाव नको?" त्यात नाव नसेल तर खरेदी केंद्रावर भात घेत नव्हते, आणि भात पडवीत रचून ठेवलेलं.

पण नोंदीवर हरकत आली. घेतली ती टोकावड्याच्या चुलत काकांनी, बांधावरच्या एका सागापायी. हरकत आली की नोंद तक्रारी, म्हणजे वादातली, ठरते आणि मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी लागते. पहिल्याच सुनावणीत आईने काकांकडे नुसतं बघितलं, आणि काकांनी हरकत मागे घेतल्याचा जबाब लिहून दिला. मला वाटलं, संपलं. माझे अंदाज असेच असतात.

मंडळ अधिकारी साहेबांनी पुढची तारीख दिली. मग त्याच्या पुढची. कधी मीटिंग, कधी पाहणी, कधी "फाईल बघायची राहिली." आणि दर तारखेला नवा कागद. मृत्यूचा दाखला दिला, प्रतिज्ञापत्र दिलं. मग मागितला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. आजोबा शाळेच्या कौलांवर चढले होते, ती शाकारायला. शाळेशी संबंध तेवढाच. त्यानंतर आईच्या लग्नाचा दाखला.

"आमच्या लग्नात जेवलेला हाच एक शिल्लक," आईने काकांकडे बोट केलं. "विचारा."

"वरण पातळ होतं," काकांनी साक्ष दिली.

साहेबांनी तारीख दिली.

बाहेर येताच काका माझ्यावर उखडले. "तू एवढा शिकला, वर तक्रार कर ना! दर येळेला माझा दिवस मोडतो."

"काका, हरकत तुमची होती."

"होती ना? मंग काढली ना? आता हाय ती त्या साहेबाची!"

मी प्रांत साहेबांच्या नावाने अर्ज लिहिला. पहिल्या मसुद्यात "न्यायदेवता" तीनदा आली होती. आईने ऐकून विचारलं, "ही बाई कोन?" दुसऱ्या मसुद्यात फक्त तारखा, त्या पुढे ढकलल्याची कारणं आणि मागितलेले कागद ठेवले. खाली आईची सही, माझी सही, आणि काका हट्टाला पेटले म्हणून त्यांचीही.

तरी आई अडून बसली. आमच्याकडे माणसाची तक्रार त्याच्या तोंडावर सांगितल्याशिवाय करत नाहीत, मग तो शेजारी असो की सरकार. "पाठीमागं नाय. आदी त्याला दाखव. खोटं असंल तर तोच सांगंल."

मी हातापाया पडलो. उपयोग नाही. आम्ही तिघे अर्ज घेऊन साहेबांच्याच टेबलापुढे उभे राहिलो. मी काकांच्या मागे सरकलो. काका मात्र वरातीत आल्यासारखे खुशीत.

"तुमचीच तक्रार हाय, साहेब," आई म्हणाली. "चुकलं असंल तर बघा."

साहेब लाल झाले. मग वाचायला लागले. आणि वाचता वाचता, बहुधा जन्माची सवय, त्यांच्या हातात पेन आलं.

"हे कारण चुकीचं. त्या दिवशी मी रजेवर नव्हतो, पाहणीला गेलो होतो." खोडून दुरुस्त केलं. "शाळेचा दाखला वडिलांचा नाही, आजोबांचा मागितला होता मी." तेही. "आणि विषयात फेरफार क्रमांक कुठाय? अशाने अर्ज परत येईल!" क्रमांक त्यांनी स्वतः घातला.

मग ते थांबले. आपण काय केलं ते बहुधा तेव्हा लक्षात आलं. पण आईने कागद अलगद ओढून घेतला. "देव तुमचं भलं करो."

रस्त्यावर येऊन मी हसत सुटलो. काकांनी तर एसटी थांब्याचा खांबच धरला.

प्रांत अधिकारी बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला. "दुरुस्त्या कुणी केल्या?"

"साहेबांनीच," काका म्हणाले. "अक्षर झ्याक हाय त्यांचं."

"आणि तुम्ही कोण?"

"मी? विरुद्ध पार्टी."

बाईंनी अर्ज तोंडापुढे धरला. अर्ज बराच वेळ हलत होता. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "हे बघा, नोंदीचा निर्णय मी आज देऊ शकत नाही. त्याविरुद्ध अपील झालं तर ते माझ्याकडेच येतं. पण उशीर का, हे मी विचारू शकते." अर्जावरच शेरा मारला: हरकत मागे घेतल्याचा जबाब फाईलवर असल्यास, आवश्यक कागद पाहून निर्णय द्यावा आणि अहवाल पाठवावा. आमच्या प्रतीवर पोच मिळाली.

पुढच्या सुनावणीला साहेबांनी एकही कागद मागितला नाही. आमच्याकडे न बघता फाईल उघडली, काकांना जबाब कबूल आहे का विचारलं, आणि निकाल राखून ठेवला. आदेश त्याच महिन्यात आला. नोंद मंजूर.

ऑनलाईन सातबारा काढून मी आईला दाखवला. तिला बारीक अक्षर दिसेना, म्हणून काकांनी मोठ्याने वाचलं. तिचं नाव आलं तेव्हा तिने पदर सारखा केला, जणू कुणी तिला पुढे बोलावलं होतं.

"परत वाचा, भावजी."

काकांनी परत वाचलं. मग आईने मला पडवीत पिटाळलं, "ऊठ, पोती भर, केंद्र बंद व्हायच्या आदी."