कॉफीचं अर्धं पाणी

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि नागपुरात, महाल भागातल्या दोन खोल्यांत, बसून बसून आंबलो होतो. काटोलकडची शेती पुतण्याला बटईनं दिली होती. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, पण कापूस, तूर, सोयाबीन मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. पाऊस पडला की पेरायचं, उगवलं नाही तर पुन्हा पेरायचं. वर्ष बिघडलं तर उन्हाळ्यात नांगर घालून त्या वर्षाचं तोंड बंद करायचं. पन्नास वर्षं मी हेच केलं.

फेब्रुवारीत मुलीचा फोन आला. "बाबा, यांचा पाय मोडला. पाणी द्याचे दिवस हायेत, मी एकटी हाव. येता का?"

मुलगी नागपूरच्या शेतकी कॉलेजात शिकली. तिथंच वर्गात केरळचा एक पोरगा होता, वायनाडचा. त्याच्याशी लग्न करून ती तिकडं डोंगरात गेली. जावई जवळच्या चहाच्या मळ्यात कामाला, आणि घरची कॉफी मुलगी पाहते. पाहते म्हणजे सगळं तीच करते. मी दोन गाड्या आणि एक बस बदलून पोचलो, तर जावईबापू ओसरीवर प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसलेले. चहाच्या उतारावर घसरले होते.

"या मामाजी," ते म्हणाले. होस्टेलात राहून नागपुरी शिकलेला माणूस, पण प्रत्येक शब्द नारळाच्या तेलात बुडवून काढल्यासारखा. "मी बसून राहिलो, तुम्हीबी बसा. इथं सगळं बसूनच होते."

ते मस्करीत बोलले, पण माझ्या डोक्यात ते बसलं. कारण खरंच तिथं काही होतच नव्हतं. घराखाली कॉफीची पट्टी, खांद्यापर्यंतची झाडं, वर विरळ सावलीची मोठी झाडं. घरामागं चढावर दुसरी पट्टी, तिथं सावली दाट. अगदी खाली ओढ्याकडं रबराच्या काही ओळी. रबराची पानं गळून गेलेली, खोडाला बांधलेल्या वाट्या पालथ्या. मी विचारलं, "हे मेले का?"

"पान बदलून राहिले," जावई म्हणाले. "नवं पान पक्कं होईपर्यंत चीक काढाचा नाही. आता चिरा मारल्या तर झाड थकते. आणि चीर लाकडापर्यंत खोल गेली तर ती साल नीट भरून येत नाही. वीस-पंचवीस साल त्याच सालीवर खायचं हाय."

"म्हणजे महिनाभर मजूर रिकामा?"

"झाड रिकामं नाही ना मामाजी."

मला हे पटलं नाही. चहाचंही तसंच. एके दिवशी जावयांनी मला शेजाऱ्याच्या जीपमधून आपल्या कामाचा मळा पाहायला पाठवलं. कमरेएवढी झुडपं, वरून कात्रीनं कापल्यासारखी सपाट, आणि बाया दोन पानं न् एक कळी खुडत पुढं सरकत होत्या. झुडपं जावयाच्या बापाच्या वयाची. खुडत राहिलं म्हणून ती वाढत नाहीत, फुलत नाहीत, फक्त कोवळी पानं देत राहतात. एका भागात तर सगळी झुडपं छाटून नुसती खोडं उभी होती. चार-पाच वर्षांनी एकदा असं करतात, जावई नंतर म्हणाले, आणि मग काही महिने त्या भागातून पानही मिळत नाही. हातचं पीक आपणच कापून टाकायचं आणि पगार मात्र चालू ठेवायचा. मी जीपमध्ये बसून राहिलो, पण जीव स्वस्थ बसेना.

दुसऱ्या दिवशी हात शिवशिवले म्हणून मी कुदळ घेऊन कॉफीच्या ओळीत गेलो. झाडाखाली पालापाचोळा नुसता माजला होता. काटोलला असं शेत ठेवलं तर लोक हसतील. दोन झाडांखालचं साफ केलं नाही तोच मुलगी धावत आली.

"बाबा, काहून खोदून राहिले?"

"कचरा हाय वं."

"कचरा नाही, पांघरूण हाय ते. याच्या खाण्याच्या मुळ्या वरच्या वर असतात. तुम्ही त्याच तोडून राहिले." ती बसली आणि हातानं पाला परत झाडाखाली लोटू लागली. लहानपणी माझ्यामागं ढेकळं फोडत फिरणारी पोरगी.

पण खरी गोष्ट पाण्याची. दुपारी कॉफीची पानं लोंबायची, सुतकी माणसासारखी. फांद्यांवर कांड्याकांड्याला हिरव्या कळ्यांचे झुबके, बारीक मेणबत्त्यांसारखे उभे. तळ्यात पाणी होतं, काठावर डिझेलचं इंजिन होतं, पाइप होते, आणि मुलगी रोज कळ्या चिमटीत धरून पाहायची न् परत यायची.

"झाडं मरून राहिले, तुले दिसत नाही का?" मी म्हणालो.

"ताण देऊन राहिलो, बाबा, पाणी तोडून. काटोलचे संत्रावाले देतात ना."

"मी संत्रावाला नाही."

"म्हणूनच सांगून राहिली. कळी तयार झाली की एकदाच भरपूर पाणी द्याचं, मग सगळं एकदम फुलते. हे चुकलं तर या साली पुन्हा कळी येत नाही. दुबार पेरणी नाही इथं."

तळं लहान. त्यात वरून एक झरा येतो, पण गाळानं अर्धा बुजलेला. तिचा हिशेब असा होता की आधी खालच्या पट्टीला पाणी, मग तळं भरू द्यायचं, मग वरच्या पट्टीला, आणि फुलं येऊन गेल्यावर फळ धरायला आणखी एक पाणी. ती कळी अजून चार दिवस पिकू दे म्हणत होती.

त्या बोलण्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ढग आले आणि सर पडली. धूळ बसली, पानं चमकली, पागोळ्या जरा गळल्या आणि थांबलं. मी अंगणात उभा राहून भिजलो. "घ्या! देवानं पाणी दिलं, डिझेल वाचलं तुमचं."

ओसरीवर जावयानं कुबडी शोधली. मुलगी पावसात ठेवलेला रिकामा डबा घेऊन आली आणि त्यात बोट घातलं. बोटाचं टोकही धड भिजलं नाही.

"आता?" ती जावयाला म्हणाली.

"आता उद्या सकाळीच पाणी लावाचं," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "मामाजी, एवढ्याशा पाण्यानं कळी जागी होते, पण पुरती उघडत नाही. अर्धी उघडून जळते. न पडता तर बरं होतं."

पाऊस पडून माणसं रडवेली झालेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. कापणीच्या दिवसातली गोष्ट वेगळी, पण हा तर फेब्रुवारी होता.

सकाळी इंजिन पाणी धरेना. ते काम माझं. नळीत कुठंतरी हवा घेत होतं. मी शेण-माती कालवून सांध्यावर थापली, पंपात पाणी भरलं, हँडल मारलं. धरलं. जावई ओसरीवरून ओरडले, "वा मामाजी!" बरं वाटलं, खोटं काहून बोलू.

फवारे फिरू लागले. दोन मजूर पाइप उचलायला, मी इंजिनापाशी. तळ्याचं पाणी मी नजरेनं मोजलं आणि माझ्या लक्षात आलं, हे एका पट्टीला पुरेल, दोन्हींना नाही. वरची पट्टी तशीच लोंबून होती. मी कपाशीला कितीदा असं केलं होतं, पाणी कमी असलं की एक सरी सोडून एक, थोडं थोडं सगळ्यांना, कोणीच मरू नये. मी मजुरांना हातानं खूण केली, उचला पाइप, पुढं लावा.

मुलगी खालून चिखलात धावत आली आणि पाइपावर पाय देऊन उभी राहिली.

"हात लावू नका!"

"अवं, असं सगळं इथंच ओतशील तर वरच्यांले काय देशील?"

"काही नाही."

"काही नाही? ते काय सावत्र हायेत?"

"वर सावली दाट हाय, काल तिथं सर पोचलीच नाही. त्या कळ्या झोपल्या हायेत, त्या थांबू शकतात. ह्या जाग्या झाल्या, ह्या थांबू शकत नाही. तुम्ही अर्धं अर्धं वाटलं तर खालच्या जळतील न् वरच्या उठून जळतील. दोन्ही जातील, बाबा."

"मले शेती शिकवू नको."

"शेती नाही शिकवून राहिली. कॉफी सांगून राहिली."

मजूर आमच्या तोंडाकडं पाहत उभे. भाषा कळत नव्हती, पण भांडण कळत होतं. मी हातातला इंजिनाचा पाना चिखलात टाकला आणि बांधावर जाऊन बसलो. ती पाइपावरून हलली नाही. तिची आई अशीच उभी राहायची, बैल मारकुटा असला तरी.

तिनं झाडांमध्ये रिकामे डबे मांडले होते. इंच भरला की पाइप हलवायचा, तोवर नाही. मी बांधावरून उठलो तो तिच्या सांगण्यानं नव्हे. इंजिनाचा आवाज बदलला म्हणून उठलो. मग परत जाताना एका डब्यात बोट घातलं. माझ्या बोटाचं वरचं पेर म्हणजे बरोबर एक इंच, हे मी घर बांधताना गवंड्याकडून शिकलो होतो. पेर भरलं नव्हतं. मी मजुरांना हात दाखवला, थांबा.

असं दिवसभर चाललं. पेर भरलं की उचला, नाही तर थांबा. मी चुकलो असं मी तेव्हा म्हणालो नाही, आताही म्हणत नाही. कपाशीला माझंच बरोबर होतं. दिवस मावळता खालची पट्टी पुरी झाली, इंजिनानं गाळ ओढला आणि मी ते बंद केलं. तळ्यात बेडूक बसेल एवढं पाणी.

मग आठवडा मला झोप नव्हती. पेरल्यावर कोंब उकरून पाहता येतो. कळीचं काय उकरणार? पुतण्याचा फोन आला, "काका, परत कधी येता?" मी म्हणालो, "पाहू." मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलायची, मी तिच्याशी तेवढंही नाही.

आठव्या दिवशी सकाळी वासानं उठलो. मोगऱ्याच्या गजऱ्याचा वास, पण एवढा की डोकं जड व्हावं. बाहेर आलो. खालची पट्टी पांढरी होती. एकेक फांदी कापसाच्या पेळूसारखी, कांड्याकांड्याला फूल, आणि मधमाश्यांचा आवाज इंजिनासारखा. मी उतरायला लागलो तर जावयानं कुबडी आडवी धरली.

"आज आत कोणी जात नाही, मामाजी. माश्यांचं काम चालू हाय."

मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग मी विचारलं, "वरची?"

"अजून झोपली हाय. कळ्या घट्ट हायेत."

"तिले पाणी कुठून देशील? आणि हिच्या फळाले?"

ती तळ्याकडं पाहू लागली. आठवड्यात गुडघाभरही भरलं नव्हतं. "झरा भरंल तसं," ती म्हणाली. "नाही तर पाऊस." पण हे तिनं आपल्या मनालाच सांगितल्यासारखं सांगितलं.

दिवसभर मी ओसरीवर बसून तो पांढरा रंग पाहिला, आणि मधून मधून झऱ्याचं गाळानं बुजलेलं तोंड.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धोतर वर खोचलं, फावडं आणि टोपलं घेतलं, तळ्यात उतरलो आणि झऱ्याच्या तोंडाचा गाळ काढायला लागलो. पहिलं टोपलं काठावर टाकलं, तर वरून तिचा आवाज आला, "बाबा, तो गाळ झाडाच्या बुडाशी नका टाकू, मुळ्या दडपतील!"

"माहीत हाय वं," मी म्हणालो, आणि दुसरं टोपलं भरलं.