फरकाचं तिकीट

आमचे आण्णा एरवी खोटं बोलणारे नाहीत, पण गावी, शिनोलीला गेले की त्यांची जीभ जरा सैल सुटते. गावाच्या लेखी ते मुंबईवाले. आम्ही कल्याणला दोन खोल्यांत राहतो आणि आण्णा दादरला कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्यानं ठाण उलगडतात, हे गावाला ढोबळ माहीत आहे. पण ढोबळ माहितीला चांगली कड लावून द्यायला आण्णांना आवडतं. गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या लग्नात कोणीतरी त्यांना विचारलं, रोज एवढ्या लांब लोकलनं जायचं म्हणजे हाल होत असतील. आण्णा म्हणाले, "आमाला कसला तरास? आमी फर्स्टनं जातो."

हे वाक्य नेमकं खोडदच्या एका पाहुण्यांनी ऐकलं. त्यांना लग्नाचा मुलगा होता आणि त्यांची नजर माझ्यावर होती. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ज्या मोठाल्या थाळ्या आहेत, त्यांना लागून त्यांचं रान आहे, कांदा चांगला होतो, मुलगा नोकरीला आहे. आईला स्थळ एवढं आवडलं की तिचं मला विचारायचंच राहून गेलं.

दिवाळीनंतर एका सुट्टीच्या दिवशी मुलाचे वडील आणि मुलाचे मामा माळशेज घाटातून येणाऱ्या एसटीनं कल्याणला उतरले. आमच्या घरी चहापोहे झाले. मी पदर सावरून खाली मान घालून बसले, म्हणजे आईनं बसवली. जेवण आणि पुढची बोलणी दादरला थोरल्या चुलत्यांकडे ठरली होती. निघताना मुलाचे मामा हसत म्हणाले, "आता आमालाबी दावा की राव तुमची फर्स्टक्लास." आण्णा हसले. त्यांचं ते हसणं मला ओळखीचं आहे. दुकानात गिऱ्हाईक महागातलं कापड फाडायला सांगून मग घेत नाही म्हणतं, तेव्हा ते असंच हसतात.

स्टेशनवर पाहुण्यांना आणि आईला बाकड्यावर बसवून आण्णा तिकीट काढायला निघाले आणि डोळ्यांनी मला मागे यायला खुणावलं. खिडकीशी त्यांनी पाहुण्यांसाठी दोन फर्स्टची तिकिटं मागितली. मग स्वतःचा कल्याण-दादर सेकंडचा पास काचेखालून सरकवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ह्याच्यावर फर्स्टचा डिफरन्स द्या, दादरपर्यंत."

खिडकीतल्या बाईंनी पासाची मुदत बघितली, स्टेशनं बघितली आणि दोन्ही वर्गांच्या भाड्यांत जो फरक होतो तेवढ्याचं तिकीट काढून दिलं. वर बजावलं, "पासाबरोबरच चालतं हे. एकट्याला काही किंमत नाही." आण्णांनी इकडेतिकडे बघत मान हलवली. मला राग आला होता. फरक भरणं यात चोरी कसली? रीतसर नियम आहे, पैसे मोजले आहेत. पण ते असे वागत होते की जणू उधारीवर साखर मागतायत.

फरकाचं तिकीट त्यांनी पँटच्या खिशात खुपसलं. पास शर्टाच्या खिशात ठेवायला गेले आणि थांबले. आईनं आग्रहानं घालायला लावलेला तो पांढरा शर्ट इतका पातळ होता की खिशातलं सगळं बाहेरून वाचता यावं. त्यांनी पास माझ्या हातात दिला. "तुझ्या पर्समदी ठेव. गाडी आली की घेतो." मी ठेवला.

गाडी आली तेव्हा मामांनी प्लॅटफॉर्मवरच नारळपाणी कुठे मिळेल म्हणून विचारलं, मुलाच्या वडिलांची पिशवी बाकड्याखाली राहिली, आण्णांची धांदल उडाली. ते पाहुण्यांना घेऊन फर्स्टकडे पळाले. मी आणि आई लेडीज सेकंडमध्ये चढलो. आमच्या दोघींचा फरक भरायचा प्रश्नच नव्हता. पाहुण्यांना आण्णांनी आधीच सांगून टाकलं होतं की बायकांना लेडीजच बरं पडतं.

गाडी सुटली. आईला खिडकी मिळाली, ती खूश. मी रुमाल काढायला पर्स उघडली आणि आण्णांचा पास वरच दिसला.

आण्णा फर्स्टमध्ये बसले आहेत, खिशात एक कागद आहे आणि त्या कागदाला माझ्या पर्समधल्या पासाशिवाय काही किंमत नाही. तपासनीस आला तर पाहुण्यांसमोर माझे वडील विनातिकीट. मी फोन लावला. वाजला, वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. पाहुण्यांसमोर फोन घेणं त्यांना बरं दिसत नसणार. मेसेज ते वाचत नाहीत. त्यांना मेसेज पाठवणं म्हणजे विहिरीत चिठ्ठी टाकणं.

डोंबिवलीला मी दारापर्यंत गेले, पण चढणाऱ्या बायकांनी मला आत लोटलं. त्यानंतर ठाण्यापर्यंत गाडी थांबत नाही. आई म्हणाली, "बस की. कशाला येरझाऱ्या घालतीस? तपासणारे काय रोज असत्यात व्हय?" रोज नसतात, हे खरं. मी स्वतःला तेच सांगत होते आणि मला ते एकदाही पटलं नाही. मुंब्र्याचा डोंगर मागे गेला, खाडी आली, आणि मी दारातला दांडा धरून उभी होते. आण्णांवर मी एवढी चिडले होते की ते भेटले असते तर सगळ्यांसमोर मी त्यांना बोलले असते. आणि त्याच वेळी मला त्यांच्यासाठी रडू येत होतं.

ठाण्याला गाडी पुरती थांबायच्या आत मी उतरले आणि पळाले. साडी नेसून पळणं हा प्रकार आयुष्यात एकदाच केलाय. फर्स्टच्या दारापाशी पोचले तर आत काळ्या कोटातले तपासनीस उभे, आणि त्यांच्यासमोर आण्णाही उभे. गाडी हलली. विचार करायला वेळ नव्हता, मी चढले.

आण्णा बोलत होते, "पास घरी ऱ्हायला साहेब. फर्स्टचाच हाय. काय व्हईल ती पावती फाडा." आणि हातात नोटा काढून तयार.

मला आधी काही समजलंच नाही. मग लख्ख समजलं. त्यांनी फरकाचं तिकीट दाखवलंच नव्हतं. ते दाखवलं असतं तर सेकंडचा पास उघड झाला असता. त्यापेक्षा पास विसरलेला फर्स्टचा माणूस म्हणून दंड भरायला ते तयार होते.

माझ्या मुठीत त्यांचा पास होता. त्यांनी तो बघितला. माझ्याकडे बघून अगदी बारीक मान हलवली, नको म्हणून. मी तशीच उभी राहिले. पुढे करावा तर त्यांची अब्रू जाते, न करावा तर मेहनतीचे पैसे खोट्यापायी जातात. एकीकडे मुलाचे वडील, एकीकडे मामा, दोघेही आमच्याकडे टक लावून बघत होते.

तपासनीस पावतीपुस्तक उघडता उघडता माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचं?"

मी पर्समधून माझा स्वतःचा पास काढून दाखवला.

"हा सेकंडचा आहे. फरक भरलाय?"

"नाही."

"मग फर्स्टमध्ये कशा?"

मी काय सांगणार होते? जे सांगायचं ते माझ्या मुठीत होतं आणि ते सांगायचं नाही अशी वडिलांची खूण होती. मी खाली बघितलं. तपासनिसांचा आवाज चढला. "रोजचंच झालंय हे. सेकंडचा पास काढायचा, फुकट फर्स्टमध्ये चढायचं, आणि पकडलं की खाली बघायचं. चांगल्या घरच्या दिसता."

मुलाचे मामा म्हणाले, "आगं, तू तर लेडीजमदी व्हतीस ना?" मुलाचे वडील खिडकीबाहेर बघायला लागले, जणू आम्ही त्यांच्याबरोबर आलोच नव्हतो.

तेव्हा आण्णा मधे आले.

"थांबा साहेब. फुकटी न्हाई ती. माजी पोरगी हाय." पँटच्या खिशातून त्यांनी ते चुरगळलेलं तिकीट काढलं. "हा माजा डिफरन्स. पास तिच्याकडं ऱ्हायला व्हता, त्यो द्यायला आली ती. दे गं साहेबांना."

मी पास दिला, ओळखपत्रही त्यातच होतं. तपासनिसांनी पास आणि तिकीट शेजारी धरून नीट बघितलं. "सेकंडचा पास, फरक भरलेला. बरोबर आहे सगळं. मग मघाशी फर्स्टचा घरी राहिला असं का म्हणालात?"

आण्णा पाहुण्यांकडे वळले. "म्या रोज सेकंडनं जातो. उभ्यानं. लग्नात तुमाला उगंच सांगितलं."

मला वाटलं आता त्यांना खाली बसावं लागेल, पण ते ताठ उभे होते.

तपासनीस मला म्हणाले, "ह्यांचं ठीक आहे. पण तुम्ही फरक न भरता चढलात, ते तुम्हाला भरावंच लागेल. फरक आणि वर दंड." आवाज आता खाली आला होता. मी पर्स उघडली, पण आण्णांनी हातातल्या नोटा पुढे केल्या. माझ्या नावाची पावती फाटली, आणि तपासनीस पुढे गेले.

मग मुलाचे मामा हसले. त्यांना गंमत करून वातावरण हलकं करायचं असावं, किंवा नसावंही. म्हणाले, "पावणं, मंग त्यो कल्यानचा फ्लॅट तरी तुमचाच का?"

मी आण्णांकडे बघितलंच नाही. बघवलं नसतं. घराबद्दल ते गावात कधी स्पष्ट बोलत नाहीत. लोकांना जे वाटतं ते वाटू देतात.

"न्हाई," आण्णा म्हणाले. "भाड्याचा हाय. आन् आणखी काय इचारायचं ते हितंच इचारून घ्या. दादरला गेल्यावर माज्या भावाच्या घरी जेवताना नको."

मुलाच्या वडिलांनी घसा खाकरला. पिशवी मांडीवर ओढून घेतली.

मी अजून दारापाशीच उभी होते. आण्णा आपल्या जागेवर बसले, थोडे सरकले आणि शेजारच्या गादीवर हात ठेवून म्हणाले, "ये. तुजंबी तिकीट झालंय आता."

मी त्यांच्या शेजारी, पाहुण्यांच्या समोर जाऊन बसले. पदर खांद्यावरून घसरला होता, केस विस्कटले होते, धाप लागली होती. घरी बसवली होती तशी मान खाली घालून बसावं, हे मला सुचलंसुद्धा नाही. मी पाठ टेकली आणि समोर बघितलं. आण्णांनीही मला नीट बस म्हणून सांगितलं नाही.