वरची खुर्ची, खालचा गाळा

मालाडला मार्केटच्या गल्लीत, एका मेडिकलच्या वर पहिल्या मजल्यावर आमचं पार्लर. आमचं म्हणजे मॅडमचं. जागा त्यांची, लाइट-पाणी त्यांचं, एसी त्यांचा, आणि चार खुर्च्या आम्हा चौघींना भाड्याने. महिन्याच्या सुरुवातीला खुर्चीचं भाडं मोजून द्यायचं, मग गिऱ्हाईक येवो न येवो, ते आपलं नशीब. कात्र्या, ड्रायर, कलर जिचं तिने आणायचं. जे मिळेल ते आपलं. खिडकीजवळची खुर्ची माझी होती आणि ती मी कित्येक वर्षं कुणाला बसायला दिली नव्हती.

तिथे एक नियम होता. कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. बाई दारातून आत आली की तिच्याकडे बघून हसायचं, पण हाक मारायची नाही. ती ज्या खुर्चीकडे वळेल तिची ती. एकीची बाई दुसरीकडे बसली तरी तोंडातून शब्द काढायचा नाही, नंतरही नाही. नाहीतर चार बायका एका खोलीत दिवसभर कात्र्या घेऊन उभ्या राहतात, काय झालं असतं विचार करा.

माझ्या शेजारी जी होती तिला आम्ही ताई म्हणायचो. वयाने मोठी, कमी बोलणारी, हात मात्र सोन्याचा. माझ्या एका बाईच्या डोक्यावर कलर लावलेला असला आणि दुसरीचा कट अर्धा असला की ताई न सांगता उठून पहिलीचं डोकं धुवायची. मीही तिचं करायचे. याचा हिशेब कधी झाला नाही.

मग मॅडमने खुर्चीचं भाडं वाढवलं. वर्षभरात दुसऱ्यांदा. वर म्हणाल्या, खिडकीजवळच्या खुर्चीला थोडं जास्त पडेल, उजेड चांगला आहे ना. माझं डोकंच फिरलं. देवाच्या उजेडाचं भाडं घेते ही बाई! त्याच आठवड्यात मार्वे रोडच्या आतल्या बाजूला एका सोसायटीच्या तळमजल्यावर गाळा रिकामा असल्याचं कळलं. एका खुर्चीचा संसार, पण आपला. रोडटच, समोर पूर्ण काच.

घरी बरेच दिवस हाच विषय. नवरा मरोळच्या इंडस्ट्रीत पॅकिंगला आहे, जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेला माणूस. तो म्हणाला, बघ, खुर्चीत डोक्याला ताप नाही, पण म्हातारपणी ती खुर्ची तुझी नसणार. सासूबाई मालवणच्या, त्यांचं एकच, "आपला दुकान झाला काय कोणाचा आयकूक नको." खरं सांगू, मला कुणी ढकललं नाही. मला बोर्डवर माझं नाव बघायचं होतं. कोकणातून मुंबईत आलेल्या माझ्या आजोबांपासून आमच्या घरात कुणाचं नाव कुठल्या बोर्डवर लागलं नव्हतं.

डिपॉझिटसाठी नवऱ्याने पीएफमधून उचल घेतली. एजंटने करार केला, त्यात लॉक-इन होतं. म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी गाळा सोडला तर उरलेल्या महिन्यांचं भाडं आपल्याच बोकांडी. मी सही केली. कशाला सोडतेय मी, असं वाटलं.

ताईला मी गाळा दाखवायला नेलं. ती आत उभी राहिली, बाहेर बघितलं. समोर भाजीवाला, रिक्षावाल्यांची लाइन, सोसायटीचा वॉचमन. मग खुर्ची कुठे ठेवणार ते विचारलं. मी जागा दाखवली.

"तिथे बसलेली बाई बाहेरून दिसणार ना गं?"

"दिसू दे की. फुकटची जाहिरात."

खाली पडलेला एक खिळा उचलून तिने खिशात टाकला, पायात जाईल म्हणून.

वरच्या पार्लरच्या जिन्याला मी नेहमी शिव्या घालायचे. उंच पायऱ्या, अंधार, पान थुंकलेल्या भिंती. मला वाटायचं, बायका एवढा त्रास काढून येतात त्या फक्त माझ्या हातासाठी. म्हणून खाली गेले तर दुप्पट येतील. साधं गणित होतं.

पहिल्या दिवशी पेढे वाटले. पार्लरमधली माझी बरीच गिऱ्हाइकं आली. त्यात टीचरही होत्या, आम्ही सगळ्या त्यांना टीचरच म्हणायचो. शाळेतून रिटायर झालेल्या, कडक इस्त्रीची साडी, आवाजात अजून वर्ग. त्यांच्या टाळूवर केस विरळ होऊन रुपयाएवढी जागा दिसायची. ती फक्त मला माहीत होती. त्यांचा भांग जन्मभर मधोमध होता, तो मी हळूहळू उजवीकडे नेला, मागचे केस थोडे लांब ठेवून वरून आणले. घरात सुनेलासुद्धा कळलं नव्हतं. तेव्हापासून त्या दुसऱ्या कुणाच्या हाती डोकं देत नव्हत्या, असं त्या स्वतः म्हणायच्या.

गाळ्यात त्या खुर्चीत बसल्या. मी डाय लावला, केस चिकटवून वर बांधले, कानावर कलरचे डाग. डाय मुरायला वेळ लागतो, तेवढा वेळ बाईला तसंच बसावं लागतं. आणि काचेबाहेर भाजी घ्यायला थांबलेला एक माणूस आत बघून हसला, हात जोडून म्हणाला, "नमस्कार टीचर!" कुठल्यातरी विद्यार्थ्याचा बाप. टीचरनी अंगावरचं कापड ओढून डोक्यावर घेतलं. डाय मुरेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. जाताना मात्र छान केलंस म्हणाल्या.

त्या परत आल्या नाहीत. मग हळूहळू बाकीच्याही. एकीचा ओठावरचा धागा चालू असताना तिचा दीर समोरून गेला. एकीला शेजारणीने विचारलं, अगंबाई, तू पण डाय करतेस? तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. बायका माझ्यासाठी यायच्या, हो, पण त्या काळ्याकुट्ट जिन्यासाठीही यायच्या. वर त्यांना कुणी बघत नव्हतं. जिना उतरल्यावर त्या जशा दिसत तेवढ्याच जगाला दिसायच्या. आणि मी त्यांना शोकेसमध्ये बसवलं होतं.

मग काय, काचेवर खालून वरपर्यंत दुधी फिल्म लावून घेतली. आतलं काही दिसेना. मी खूश. पण बाहेर दुधी काच, आत ट्यूबलाइट, आणि बाई एकटी. आठवड्याभरात पुरुष दार ढकलायला लागले. मसाज होता है क्या? पहिल्याला मी नीट सांगितलं. नंतरच्यांना कात्री हातात घेऊनच बोलायचे. "फक्त महिलांसाठी" असं मोठं लिहून लावलं, तर येणारे वाढलेच. वाट लागली नुसती.

नवरा आपल्या सुट्टीच्या दिवशी दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायला लागला. पुरुष यायचे थांबले, पण दारात पुरुष बसलेला बघून बायकाही थांबल्या. बिचारा पेपर वाचत बसायचा. मी आत रिकाम्या खुर्चीचं सीट पुसत बसायचे.

नंतर सोसायटीचे सेक्रेटरी आले. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, वहिनी, तुमच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही, पण वरच्या मजल्यावरच्या बायकांनी तक्रार केलीय, फिल्म काढा. मी म्हटलं, काढते. काढली तर गिऱ्हाईक नाही आणि ठेवली तर इज्जत नाही. त्या दिवशी मी शटर ओढून घेतलं आणि पार्लरच्या बेसिनमध्ये तोंड घालून रडले.

एकटीच्या दुकानात आणखी एक असतं, ते कुणी सांगत नाही. शेजारी कुणी नसतं. एकदा एकीच्या डोक्यावर कलर होता आणि मला चक्कर आली. धुवायला उठणारं कुणी नव्हतं. मी भिंतीला धरून धरून धुतलं. तेव्हा ताईची इतकी आठवण आली की स्वतःचाच राग आला.

लॉक-इन भरून गाळा सोडला. डिपॉझिटमधलं बरंचसं त्यातच गेलं. बोर्ड काढायला माणूस आला, तेव्हा नवरा म्हणाला, नाव कापून तेवढं घरी नेऊ. मी नको म्हटलं. तो तरी घेऊन आला, पलंगाखाली आहे.

मग परत तोच जिना. मॅडमने टोमणा मारला नाही, हे त्यांचं मोठेपण. वाढलेलं भाडं सांगितलं, मी मान हलवली. खिडकीजवळ आता नखं करणारी एक पोरगी बसली होती. मला दाराजवळची खुर्ची मिळाली, नव्याने येणाऱ्या मुलीला देतात ती. ताईने माझ्यासाठी आरसा पुसून ठेवला होता. जेवताना तिने डब्यातली अर्धी भाजी माझ्या झाकणात वाढली आणि म्हणाली, बरं झालं आलीस.

काही दिवसांनी टीचर आल्या. जिना चढून धाप लागलेली, साडी तशीच कडक. दाराजवळच मी, त्यामुळे आधी मीच दिसले. त्या थबकल्या. मी हसले आणि नियमाप्रमाणे गप्प राहिले.

"आलीस परत?" त्या म्हणाल्या. "बरी आहेस ना?"

"बरी आहे, टीचर."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग पुढे जाऊन ताईच्या खुर्चीत बसल्या.

मी ताईकडे बघितलं नाही. तिची काय चूक? बाई जिथे वळेल तिथली. पण मनात मी एका गोष्टीची वाट बघत होते, लाज वाटते पण बघत होते. ताईला भांगाचं ते गुपित ठाऊक नसणार. ती मधोमध भांग पाडेल, टाळू उघडी पडेल, टीचर आरशातून मला शोधतील, मग मी जाईन आणि नुसतं कंगव्याने दाखवीन. एवढंच. एवढ्याला कुणी हाक मारणं म्हटलं नसतं.

ताईने डाय धुतला, केस पुसले, कंगवा घेतला. विचारलं काहीच नाही. सवयीच्या हाताने उजवीकडून भांग पाडला, मागची लांब बट उचलली आणि टाळूवरून अलगद आणून बसवली. अगदी माझ्यासारखं. माझ्यापेक्षा थोडं नीटच. टीचरनी आरशात एकदा बघितलं, मान हलवली आणि पर्स उघडली.

मी माझ्या रिकाम्या खुर्चीचं सीट पुसायला घेतलं.