आधी कोणतं कर्ज

शाळेत मी गणित शिकवतो, तरी स्वतःच्या कर्जाचा तक्ता मांडायला मला दोन वर्षं लागली. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आणि मग घराचा स्लॅब, यांत चार देणी झाली होती. एका क्रेडिट कार्डावर साठ हजार, महिना साडेतीन टक्के. दुसऱ्यावर अडतीस हजार, महिना तीन टक्के. बँकेचं वैयक्तिक कर्ज एक लाख चाळीस हजार, वर्षाला पंधरा टक्के. आणि आमच्या शिक्षक-कर्मचारी पतसंस्थेचे राहिलेले चोवीस हजार, वर्षाला अकरा टक्के. त्याचा तीन हजारांचा हप्ता पगारातूनच कापला जाई.

सगळीकडचे ठरलेले हप्ते आणि कार्डांची किमान रक्कम भरून हाती आठ हजार उरत होते. ते कुठे घालायचे यावर घरात वाद झाला.

"पतसंस्थेचं सगळ्यात लहान आहे. ते आधी उडवा," पत्नी म्हणाली. "चारातलं एक गेलं की जिवाला बरं वाटेल."

"जिवाला वाटेल, खिशाला नाही," मी म्हणालो. "पतसंस्थेचं या महिन्याचं व्याज दोनशे वीस. साठ हजारांच्या कार्डाचं एकवीसशे, वर जीएसटी. आग कुठं लागलीय ते बघ."

"बघते की. दोन वर्षं तुम्ही पण बघतच होतात."

पण हिशेब माझा बरोबर होता आणि शेवटी तिनंही मानलं. दोन्ही कार्डं तिनं कपाटात ठेवून दिली, कारण जुनी बाकी असताना नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. आठ हजार साठ हजारांच्या कार्डात जाणार, असं ठरलं.

आठवड्याभरात पतसंस्थेच्या सचिवांनी मला हटकलं. "सर, तुमचं कर्ज कधी संपतंय? तुमचे मामा अडकलेत."

मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. मी बेंबळीहून आलेला, घरातला पहिला पदवीधर. शहरात ओळख ना पाळख. तेव्हा माझ्या कर्जाला जामीन राहायला तेच पुढे आले होते. आता त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. बाकीची फी दिवाळीनंतर लगेच भरायची होती, नाहीतर प्रवेश जाणार. आणि आमच्या संस्थेचा नियम असा, की ज्याच्या जामिनावर दुसऱ्याचं कर्ज चालू आहे, मग ते थकलेलं नसलं तरी, त्याला स्वतःला कर्ज मिळत नाही. माझं कर्ज नुसत्या हप्त्यांनी संपायला अजून नऊ महिने होते.

मी प्रयोगशाळेत गेलो. मामा परीक्षानळ्या धूत होते.

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं सर? तुमचा हप्ता टायमावर जातोय. सही म्या केली, तुमी काय जबरी केली व्हय?"

जामीनदार बदलावा म्हणून चार सहकाऱ्यांना विचारलं. प्रत्येकानं आधीच कुणासाठी तरी सही केली होती, आणि दुसरी नियमात बसत नव्हती.

त्या संध्याकाळी तक्ता पुन्हा काढला. माझ्या तक्त्यात बाकी होती, दर होता, हप्ता होता. जामीनदाराचा रकाना मी आखलाच नव्हता. आठ हजार आणि कापला जाणारा हप्ता मिळून अकरा हजार पतसंस्थेत गेले, तर तिसऱ्या महिन्यात कर्ज संपत होतं. तोवर कार्डाची बाकी हळू उतरणार, त्याचा फटका सुमारे दोन ते अडीच हजारांचा. मी तो आकडा पत्नीला दाखवला.

"म्हणजे माझंच खरं?" ती म्हणाली.

"नाही. पद्धत माझीच स्वस्त आहे. पण हे अडीच हजार आपण द्यायचे."

"द्या मग. आणि माझंच खरं."

दोन महिने पगारातला हप्ता कापल्यावर आठ हजार मी स्वतः पतसंस्थेत नेऊन भरले. तिसऱ्या महिन्यात तेवीसशे बासष्ट रुपये उरले होते. ते भरले, बेबाकी दाखला घेतला आणि तिथंच मामांच्या अर्जावर जामीनदार म्हणून सही केली. दिवाळीच्या चार दिवस आधी त्यांच्या खात्यात रक्कम आली.

फी भरून आले तेव्हा मामांनी पावती माझ्यासमोर धरली. मी आकडा वाचला, तारीख वाचली.

"आता तुमी अडकलात सर," ते म्हणाले. "माजं फिटेस्तोवर तुमाला कर्ज न्हाय."

"तेच बरं," मी म्हणालो.

पतसंस्थेचं फिटलं त्या महिन्यात उरलेले आठ हजार सहाशे अडतीस रुपये मी साठ हजारांच्या कार्डात भरले, आणि पुढच्या महिन्यापासून पूर्ण अकरा हजार.