बटणांची फळी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मतिमंद मुलांच्या शाळेत शिकवत होतो. पहिला तास हातांच्या कामाचा. एका वाटीतून दुसरीत आधी धान ओतायचं, ते न सांडता जमलं की पाणी. रुमालाच्या घड्या. मग बटणं. त्यासाठी फळी होती: मुलींच्या जुन्या गणवेशाचा पुढचा भाग मी लाकडी चौकटीवर ठोकला होता.

बारा वर्षांची एक मुलगी त्या फळीवरची पाचही बटणं लावू लागली. तिचा बाप गावात शिंपी होता. शाळेत घालण्याआधी तो तिला शिलाई मशीनच्या पायाला बांधून ठेवी. घोट्यावर दोरीचे वळ अजून होते. मी त्याला निरोप पाठवला, तिला बटणं लावता येतात.

तिसऱ्या दिवशी तो तिला ओढत वर्गात आला. हातात कापड मोजायचा लाकडी गज. मुलीचा ओठ फुटलेला, फ्रॉक पुढून उघडा.

"सर, तुमी त म्हनलं, येते. घरी पाहुन्यांसमोर एक नाई लावलं. मले येडा बनवून राह्यली."

मी फळी पुढे ठेवली. तिने पाचही लावली.

"म्हंजे नाटक करते," तो तिच्याकडे वळला. "आता आंगातले लाव. नाई त उद्यापासून शाळा बंद, दोरी चालू."

तिची बोटं छातीशी चाचपडत राहिली. गज खांद्यावर बसला, मग बोटांवर.

"भाऊ, लेकराले काऊन मारता!" म्हणत शाळेची आया मध्ये पडली. तिच्या तोंडावर त्याचं कोपर बसलं. मी गज धरायला गेलो, तो माझ्या कानावर आला. मुलीने बापाच्या मनगटात दात रुतवले. त्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं, तेव्हा दात सुटले. धानाच्या वाट्या उलटल्या. एक मुलगा आपलं डोकं बाकावर आपटू लागला. त्याला आयाने उचलून बाहेर नेलं.

बाप रक्ताळलेलं मनगट धरून फळीकडे पाहत होता.

"हे कोनं ठोकलं?"

"मी."

"समोर ठेवलं त बटन उजव्या हाताले येते. आंगात घातलं त डाव्या. येवढं बी नाई समजलं तुमाले? अन मी इले याच्यापायी मारलं?"

मी फळी उचलून स्वतःच्या छातीशी धरली; बटणं डावीकडे आली.

"पाठवतो उद्या," म्हणून तो निघून गेला. मुलीकडे त्याने पाहिलं नाही.

फळी बंद केली. मोठ्या बटणांचं जाकीट तिच्याच अंगात घालून नव्याने सुरुवात केली. शिकवणाऱ्याने मागे बसून, खांद्यांवरून हात पुढे घेऊन बटण काजातून अर्धं घालायचं. मुलाने फक्त ओढायचं. पण मागून हात आला की ती किंचाळून टेबलाखाली शिरे. आयाचा हात सहन व्हायलाच तिला महिना लागला.

एका सकाळी तिने बटण ओढलं. ते लागलं. लगेच तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मार पडायची वाट पाहत बसून राहिली.